कुंडीतल्या झाडाचा फोटो वाचताना

पानाचे टोक तपकिरी झाले म्हणजे तिथल्या पेशी मेल्या. मुळांनी ओढलेले पाणी देठातून आणि शिरांतून फिरत सगळ्यात शेवटी टोकाशी पोचते. कालव्याला पाणी कमी सुटले की शेवटच्या शेताला ते पोचत नाही, तसेच पानाचे होते. पुरवठा घटला की आधी टोक आणि मग कड वाळते. पुरवठा घटण्याची कारणे मात्र एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. कधी माती कोरडी पडलेली असते. कधी ती इतकी ओली असते की मुळेच कुजतात आणि भोवती पाणी असूनही त्यांना ते ओढता येत नाही. कधी बोअरच्या पाण्यातले क्षार आणि जास्त झालेले खत मातीत साचून मुळांना पाणी उचलू देत नाहीत. तिन्ही वेळी फोटोत दिसते ते तपकिरी टोकच. म्हणून नुसत्या रंगावरून निदान करणारा माणूस वाळलेल्या झाडाला आणि कुजणाऱ्या झाडाला सारखेच पाणी घालत राहतो.

फोटो वाचताना रंगाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: बिघाड कोणत्या पानावर आहे, पानाच्या कोणत्या भागावर आहे, आणि मेलेला भाग जिवंत हिरव्याला जिथे भेटतो ती कड कशी आहे. मनी प्लँट, स्नेक प्लँट आणि मॉन्स्टेरा ही घरोघरची तीन झाडे या अभ्यासासाठी फार सोयीची आहेत, कारण प्रत्येकाची वाढण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि त्या तऱ्हेमुळेच प्रत्येकाच्या अंगावर मागच्या काही महिन्यांची नोंद राहते.

मनी प्लँटचा वेल हे तर सरळ कॅलेंडरच आहे. कुंडीजवळचे पान सर्वांत जुने आणि शेंड्याचे सर्वांत नवे. मॉन्स्टेराही याच कुळातला वेल आहे, फक्त त्याची पेरी आखूड आणि पाने मोठी असतात. त्याचेही खालचे पान जुने, वरचे नवे. स्नेक प्लँटचे मात्र उलटे आहे. त्याचे प्रत्येक पान मातीतल्या कंदातून निघते आणि बुडातून वर ढकलले जाते, म्हणून पानाचे टोक हा त्या पानाचा सगळ्यात जुना भाग असतो. त्यामुळे स्नेक प्लँटच्या टोकावरचे एक सेंटिमीटर वाळलेले तपकिरी हे कित्येकदा वर्षभरापूर्वीच्या एखाद्या धक्क्याचे, भिंतीला घासल्याचे किंवा एखाद्या कोरड्या उन्हाळ्याचे चिन्ह असते. आज त्यावर इलाज करण्यासारखे काही नसते. तोच बिघाड पानाच्या बुडाशी दिसला, तर मात्र तो आत्ताचा असतो.

फोटो नीट काढलेला नसेल तर यातले काहीच कळत नाही. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत निरोगी पानही पिवळट दिसते, आणि फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सावरू लागला की खरा पिवळेपणा लपूनही जातो. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन पडत नसताना, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून काढलेला फोटो भरवशाचा. पानामागे किंवा शेजारी साधा पांढरा कागद धरला की रंग तपासायला आधार मिळतो. फोटोत कागदच पिवळा आला असेल, तर पानाच्या पिवळेपणावर विश्वास ठेवू नये.

एका फोटोने भागत नाही, चार लागतात. पहिला फोटो पूर्ण झाडाचा, कुंडी, खालची ताटली आणि खिडकी दिसेल असा, साधारण एक मीटरवरून आणि झाडाच्या उंचीवरून. वरून किंवा फार जवळून काढले की पुढची पाने मोठी आणि मागची पेरी आखूड दिसतात, मग वाढीचा अंदाज चुकतो. दुसरा फोटो बिघडलेल्या पानाचा जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे किंवा बोटाचे टोक ठेवून. तिसरा त्याच पानाच्या पाठीचा. चौथा मातीचा आणि खोडाच्या बुडाचा. हे फोटो कुणा जाणकाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि किडीचे बारीक ठिपके नेमके त्या दाबण्यात पुसले जातात.

आता पुन्हा तपकिरी टोकाकडे वळू. पाणी कमी पडून किंवा हवा कोरडी असल्याने वाळलेले टोक कुरकुरीत असते. त्याची कड धारदार असते. तपकिरी संपते तिथून लगेच हिरवे सुरू होते, मध्ये पिवळा पट्टा असलाच तर अगदी बारीक. फोटोत असा भाग कागदासारखा, थोडा वळलेला आणि चमक नसलेला दिसतो. पूर्ण झाडाच्या फोटोत मग त्याची साक्ष शोधावी. माती कुंडीच्या भिंतीपासून सुटून फट पडली आहे का, मनी प्लँटची पाने देठापासून मलूल लोंबली आहेत का, स्नेक प्लँटच्या पानावर उभ्या सुरकुत्या आहेत का. एसीच्या झोतात किंवा पंख्याखाली ठेवलेल्या झाडाची फक्त त्या बाजूची टोके वाळतात, आणि हेही पूर्ण झाडाच्या फोटोतच कळते.

मुळे कुजल्याने आलेले तपकिरी वेगळे. ते काळपट असते, मऊ असते आणि त्याच्याभोवती रुंद पिवळी झालर असते. कड धारदार नसते, तर हिरव्यातून पिवळे आणि पिवळ्यातून तपकिरी असे ते पसरत जाते. मॉन्स्टेराच्या पानात ते टोकापुरते न राहता कडेने आत शिरते. बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात आणि त्यांच्याखालची माती फोटोत गडद, ओली, कधी हिरवट शेवाळलेली दिसते. स्नेक प्लँटमध्ये कुजण्याची जागा जवळजवळ नेहमी बूड असते. पान मातीलगत पिवळट, पाणी भरल्यासारखे होते आणि एक दिवस आडवे पडते. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या घरांत हे फार होते, कारण हवेतल्या ओलीने माती दोन-दोन आठवडे सुकत नाही आणि पाणी घालण्याची सवय मात्र उन्हाळ्यातलीच चालू असते.

क्षारांचे जळणे वाळण्यासारखेच दिसते, आणि इथे पानापेक्षा कुंडी जास्त सांगते. कुंडीच्या काठावर, मातीच्या वर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर असेल, पाणी वेळेवर मिळत असेल आणि तरी बऱ्याच पानांची टोके एकसारखी जळत असतील, तर क्षारांचाच संशय घ्यावा. कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकाराच्या दोन-तीन पट साधे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू दिले की साचलेले क्षार बरेचसे धुतले जातात. खाली भोक नसलेल्या कुंडीत हा उपाय करता येत नाही. अशा कुंडीत क्षारही साचतात आणि मुळेही कुजतात, म्हणून चौथ्या फोटोसोबत कुंडीच्या तळाचाही एक फोटो घेतलेला बरा.

उन्हाने भाजलेला डाग सहसा टोकाला नसतो. तो पानाच्या मधल्या, उन्हाकडे असलेल्या भागावर येतो. आधी फिकट पांढुरका आणि मग तपकिरी, कागदी. सावलीत ठेवलेली कुंडी एकदम बाल्कनीतल्या दुपारच्या उन्हात नेली की दोन-चार दिवसांत तो उमटतो. दुसऱ्या पानाची सावली जिथे पडत होती तेवढा भाग हिरवा राहिला असेल, तर ही खूण पक्की.

मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. मार्कर पेनाने तपकिरीच्या कडेवर, हिरव्या बाजूला, एक बारीक रेघ मारावी आणि फोटो घ्यावा. दहा दिवसांनी त्याच पानाचा तसाच फोटो घ्यावा. तपकिरी रेघेपाशीच थांबले असेल तर बिघाड जुना आहे किंवा थांबला आहे. ते रेघ ओलांडून गेले असेल तर कारण अजून चालू आहे. टोक कात्रीने कापून टाकले की झाड छान दिसते, पण ही रेघ मारण्याची जागा जाते. त्यामुळे कापायचेच असेल तर कारण कळल्यावर कापावे.

लांबुडकी, विरळ वाढ ही डागापेक्षा फोटोत जास्त खात्रीने वाचता येते. प्रकाश कमी पडला की वेल तो शोधत पुढे धावतो. दोन पानांमधले पेर लांबते, पान लहान होते, देठ लांब आणि बारीक होतो. मनी प्लँटच्या फोटोत मोजपट्टीची गरज नसते, पानालाच मोजपट्टी करावी. पेर जवळच्या पानाच्या लांबीपेक्षा ठळकपणे मोठे असेल तर वाढ ताणलेली आहे. एखाद्या वेलावर कुंडीजवळची पाच-सहा पाने चार-चार सेंटिमीटरच्या अंतरावर आणि त्यापुढची दहा-बारा सेंटिमीटरवर असतील, तर त्या जोडाच्या सुमारास झाडाची जागा बदलली, समोर पडदा लागला किंवा ऋतू पालटला, असे समजायला हरकत नाही. पिवळे-पांढरे पट्टे असलेल्या जातीत नव्या पानांचा रंग निव्वळ हिरवा होत जाणे हीही त्याचीच खूण आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. खाली लोंबणाऱ्या मनी प्लँटची पाने प्रकाश बरा असला तरी लहानच राहतात. हा वेल मूळचा झाडावर चढणारा आहे. काथ्याच्या खांबावर किंवा भिंतीवर वर चढू लागला की पाने मोठी होतात. नारळाच्या खोडावर चढलेल्या मनी प्लँटची पाने ताटाएवढी आणि कडेला चिरलेली दिसतात, आणि लोकांना ते वेगळेच झाड वाटते. म्हणून लोंबत्या वेलाच्या लहान पानांवरून अंधाराचा निष्कर्ष काढू नये, पेर पाहावे.

मॉन्स्टेरात लोक छिद्रे शोधतात. कोवळ्या रोपाची पहिली पाने बिनछिद्राची, हृदयाच्या आकाराचीच असतात, तो दोष नव्हे. पूर्वीच्या पानांना चिरा असून नव्या पानांना त्या नाहीत, आणि देठ लांबून सगळे झाड खिडकीच्या दिशेने कलले आहे, असे असेल तर प्रकाश कमी आहे. स्नेक प्लँटमध्ये पेर दिसत नाही, त्यामुळे रुंदीकडे पाहावे. जुन्या रुंद, ताठ पानांच्या मधून अरुंद, फिकट आणि बाहेर झुकणारी नवी पाने येत असतील तर झाड अंधारात आहे. “स्नेक प्लँट अंधारातही जगते” हे वाक्य खरे आहे, पण ते जगण्याबद्दल आहे, वाढीबद्दल नाही.

लांबलेले पेर पुन्हा आखूड होत नाही. झाड उजेडात नेल्यावर पुढची वाढ आटोपशीर येते, मागची तशीच राहते. मनी प्लँट गाठीच्या थोडे वर कापला तर उरलेल्या वेलाला तिथल्या डोळ्यातून नवा फुटवा येतो, आणि कापलेल्या तुकड्यावर एक गाठ असेल तर तो पाण्यात मुळे धरतो. गाठ नसलेले नुसते पान देठासकट पाण्यात कितीही दिवस ठेवले तरी त्यातून वेल येत नाही.

किडीच्या खुणा वाचणे यापेक्षा अवघड, कारण कीड बारीक असते आणि ती बहुधा पानाच्या पाठीला राहते. शेतीतली नावे इथेही चालतात. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोंदऱ्यासारखा पांढरा दिसतो आणि देठ जिथे खोडाला मिळतो त्या खाचेत बसतो. स्नेक प्लँटमध्ये तो पानांच्या बुडाच्या घडीत लपतो, म्हणून पाने हलकेच बाजूला करून तिथला फोटो घ्यावा लागतो. खवले कीड मॉन्स्टेराच्या मधल्या शिरेवर तपकिरी टिकल्यांसारखी ओळीने चिकटलेली असते. नखाने खरवडल्यावर टिकली निघाली तर ती कीड, नाही निघाली तर डाग. दोन्ही किडींचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो, फोटोत तो तेल सांडल्यासारखा चमकतो आणि पुढे त्यावर काजळी धरते. लाल कोळी डोळ्यांना क्वचितच दिसतो. त्याची खूण म्हणजे सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आणि देठाच्या सांध्यात दाट, धुळकट जाळे. घरातल्या साध्या कोळ्याचे जाळे दोन पानांमध्ये मोकळे ताणलेले असते आणि त्याखालचे पान स्वच्छ असते. मार्च ते मे या कोरड्या उन्हात लाल कोळी झपाट्याने वाढतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा मॉन्स्टेराचा एक फोटो आला आहे, संध्याकाळी दिव्याखाली वरून काढलेला. पानांवर तपकिरी डाग आहेत, मालकाच्या मते पाणी कमी पडते आहे, आणि आठवडाभर रोज पाणी दिले जात आहे. या फोटोतून दोनच गोष्टी धड कळतात. ताटलीत पाणी साचले आहे, आणि डाग खालच्या जुन्या पानांवर नसून वरच्या दोन नव्या पानांवर आहेत. दुसरी गोष्टच शंका निर्माण करते. पाण्याची टंचाई असो किंवा मुळांची कूज, त्यांचा मार एरवी जुन्या पानांना आधी बसतो. शिवाय डाग टोकाला नाहीत, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना आहेत.

दुसरा फोटो सकाळी घेतला, पान खिडकीच्या उजेडात तिरके धरून. आता तपकिरी डागांच्या आसपास चंदेरी, घासल्यासारखे चट्टे दिसतात आणि त्यांवर काळे चमकदार बारीक ठिपके. तिसरा फोटो पानाच्या पाठीचा. शिरेला लागून फिकट पिवळ्या, एखाद्या मिलिमीटरच्या दोन-तीन रेघा. फोटोत त्या ओरखडेही असू शकतात. म्हणून पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारली आणि अर्धा मिनिट थांबले. कागदावरच्या दोन रेघा चालू लागल्या. हे फुलकिडे आहेत. ते पान खरवडून आतला रस शोषतात, रिकाम्या पेशींत हवा भरते म्हणून चट्टा चंदेरी दिसतो, आणि काळे ठिपके ही त्यांची विष्ठा असते.

उपायाचे वेळापत्रक त्यांच्या जीवनक्रमावरून ठरते. अंडी पानाच्या आत घातलेली असतात आणि कोशावस्था बहुधा मातीत जाते, त्यामुळे एका फवारणीने दोन्ही वाचतात. कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी, जास्त बिघडलेले एखादे पान कापावे, बाकीची पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसावीत. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, देठाच्या खाचा आणि न उलगडलेले पान सोडू नये. दर पाच-सात दिवसांनी हे चार-पाच वेळा करावे लागते. रोजचे पाणी थांबवून ताटली रिकामी करावी, नाहीतर किडीपाठोपाठ मूळकूज येते. चंदेरी चट्टे जाणार नाहीत, म्हणून त्यांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. पुढचे नवे पान स्वच्छ उलगडले का, एवढेच पाहावे.

निरोगी झाडाच्याही काही गोष्टी फोटोत आजारासारख्या दिसतात. मॉन्स्टेराच्या खोडावरच्या जाड तपकिरी दोऱ्या ही हवाई मुळे आहेत. सकाळी पानाच्या टोकाला लटकलेला पाण्याचा थेंब झाडानेच बाहेर टाकलेला असतो. पानावरचे पांढरे गोल डाग बरेचदा फवारलेल्या जड पाण्याचे असतात. लिंबाच्या रसाच्या ओल्या बोळ्याने ते निघतात, आणि पिठ्या ढेकूण असेल तर त्याच बोळ्याखाली तो चिरडून चिकट ओल सोडतो. मातीतले पांढरे, हलके, न हलणारे दाणे बहुतेक परलाइटचे असतात. वेलाचे सर्वांत जुने एकच पान पिवळे पडून गळाले, तर ते त्याचे वय झाल्यामुळे.

मातीचे वजन, आतली ओल आणि वास फोटोत येत नाहीत. टोकाच्या तपकिरीत कूज आहे की तहान, हे कडेवरून ठरत नसेल, तर बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तरीही शंका उरली तर झाड कुंडीतून मातीच्या गोळ्यासकट काढून मुळांचाच फोटो घ्यावा. निरोगी मुळे पांढरी ते फिकट पिवळसर आणि घट्ट असतात. कुजलेले मूळ काळपट असते, आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते व आतला दोरा मागे राहतो.